कुठलं गाव कुठल्या दुकानाला? व्होरोनॉय पॉलिगॉनने गावं जोडायची रीत, कोयनेच्या काठावरच्या उदाहरणासह

पावसाळ्यात साताऱ्याच्या कुठल्याही वर्तमानपत्रात कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वर या तीन ठिकाणच्या पावसाचे आकडे रोज येतात. पर्जन्यमापकं मोजकी असतात आणि पाणलोट क्षेत्र मोठं. मग सगळ्या क्षेत्रावर सरासरी किती पाऊस पडला, हे काढायचं कसं? इंजिनिअरिंग शिकताना याची एक जुनी रीत शिकवतात. प्रत्येक मापकाभोवती अशी हद्द आखायची की तिच्या आतल्या कुठल्याही जागेला तोच मापक सगळ्यात जवळचा असेल. मग त्या हद्दीच्या क्षेत्रफळाप्रमाणे त्या मापकाच्या आकड्याला वजन द्यायचं. ही रीत अमेरिकेतले हवामानतज्ज्ञ थिसेन यांनी १९११ मध्ये पावसासाठी मांडली, म्हणून जलसंपत्तीतले लोक तिला थिसेन पॉलिगॉन म्हणतात. त्यामागचं गणित व्होरोनॉय यांचं, म्हणून नकाशावाले व्होरोनॉय म्हणतात. आकृती एकच.

पर्जन्यमापकाच्या जागी रेशन दुकान ठेवा आणि पावसाच्या जागी गावं. आपलं काम एवढंच आहे. पण पाऊस वरून सरळ पडतो. धान्याचं पोतं घेऊन माणूस रस्त्यानं, पायवाटेनं किंवा लाँचनं येतो. हा फरक विसरला की नकाशा दिसतो छान आणि गावाच्या कामाला येत नाही. म्हणून या लेखात क्यूजीआयएस या नकाशे करायच्या सॉफ्टवेअरमध्ये बटणं कुठली दाबायची ते सांगेनच, पण जास्त जागा रेघ कुठे चुकते आणि ती चूक आपल्याला कशी कळते यासाठी ठेवली आहे.

आधी कागदावर

संगणक उघडण्याआधी हे एकदा हातानं करा. एका कागदावर दोन दुकानं ठिपक्यांनी मांडा. दोन्ही ठिपके रेघेनं जोडा, त्या रेघेचा मध्य काढा आणि मध्यातून काटकोनात दुसरी रेघ ओढा. शाळेत याला लंबदुभाजक म्हणत होतो. या रेघेच्या अलीकडचं प्रत्येक गाव अलीकडच्या दुकानाला जवळ, पलीकडचं पलीकडच्याला. दुकानं तीन, चार, चाळीस झाली तरी प्रत्येक जोडीसाठी हेच करायचं असतं. या सगळ्या रेघा एकमेकींना जिथे अडवतात तिथे त्या थांबतात आणि प्रत्येक दुकानाभोवती एक बहुकोन उरतो. सॉफ्टवेअर यापेक्षा वेगळं काही करत नाही. ते दुकानाचा कोटा बघत नाही, गावाची लोकसंख्या बघत नाही, नदी आणि डोंगरही बघत नाही.

माहिती: दोनच तक्ते, पण नीट

दुकानांचा एक तक्ता आणि गावांचा एक. दोन्ही साध्या सीएसव्ही फाईल. प्रत्येक ओळीत एक क्रमांक, अक्षांश आणि रेखांश एवढं पुरे. शाळांसाठी करत असाल तर क्रमांकाच्या जागी शाळेचा यूडायस कोड घाला. नावांवर विसंबू नका. एकाच जिल्ह्यात एका नावाची दोन-तीन गावं सहज निघतात, आणि ‘बुद्रुक’, ‘खुर्द’ कोण कसं लिहील याचा नेम नसतो.

```
dukan_no,lat,lon
D1,17.7012,73.8125
D2,17.6471,73.8030
```

अक्षांश आधी की रेखांश आधी, यात गल्लत झाली तर ती लगेच कळते. १७ आणि ७३ ची अदलाबदल झाली की तुमचं दुकान जावळी तालुका सोडून नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन बसतं. सगळ्या ओळी उलट्या असतील तर ते पटकन दिसतं. पण पन्नासातली एकच ओळ उलटी असेल तर नकाशा एकदम जगाएवढा पसरतो आणि कारण सापडत नाही. म्हणून फाईल घेतल्यावर आधी दोन्ही रकान्यांतली सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठी संख्या बघून घ्या.

आता मुद्द्याची गोष्ट. गावाचा ठिपका कुठे ठेवायचा?

गावांच्या हद्दींचा नकाशा हाती असतो, त्यातून `Centroids` नावाच्या साधनानं प्रत्येक गावाचा मध्यबिंदू एका क्षणात निघतो. मीही सुरुवातीला तसंच करत होते. सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या सपाट, आटोपशीर शिवारात ते बऱ्यापैकी खपूनही जातं. पण साताऱ्याच्या पश्चिमेला गावाचं शिवार खाली ओढ्यापासून वर डोंगराच्या सड्यापर्यंत लांबच लांब पसरलेलं असतं आणि माणसं राहतात एका टोकाला, गावठाणात. मध्यबिंदू पडतो जंगलात. कोयनेच्या फुगवट्याच्या काठावर तर शिवाराचा मोठा भाग पाण्याखाली आहे, तिथे मध्यबिंदू सरळ पाण्यात पडतो. `Point on Surface` वापरलं तर ठिपका हद्दीच्या आत राहील एवढीच हमी मिळते. तो घरांजवळ असेल याची हमी नाही.

म्हणून ठिपका गावठाणावर ठेवा. उपग्रह चित्र मागे लावून एकेका गावाचा ठिपका हातानं हलवायचा. तालुक्यातल्या शंभर-दीडशे गावांना एक दिवस जातो आणि तो दिवस वाया जात नाही. जिथे एका महसुली गावाच्या तीन-चार वाड्या लांब लांब आहेत तिथे प्रत्येक वाडीचा वेगळा ठिपका द्या आणि शेजारच्या रकान्यात मूळ गावाचा कोड ठेवा. जतसारख्या पसरलेल्या तालुक्यात वस्त्या रानोमाळ विखुरलेल्या असतात. तिथे गावाला एकच ठिपका दिला तर शाळेच्या कामाला तो नकाशा उपयोगाचा नाही. मूल वस्तीवरून चालत निघतं, ग्रामपंचायतीच्या कार्यालयावरून नाही.

अंशांचे मीटर करा

अक्षांश-रेखांश म्हणजे अंश, आणि अंशांत अंतर मोजायचं नसतं. आपल्याकडे, साधारण १७.७ अक्षांशावर, उत्तर-दक्षिण एक अंश म्हणजे सुमारे ११०.७ किलोमीटर, तर पूर्व-पश्चिम एक अंश सुमारे १०६.१ किलोमीटर. फरक चार टक्क्यांचा, पण निकाल उलटा करायला तेवढा पुरतो. समजा एका गावापासून एक दुकान पूर्वेला ५.१ किलोमीटरवर आहे आणि दुसरं उत्तरेला ५.२ किलोमीटरवर. जवळचं अर्थातच पूर्वेचं. अंशांत मात्र पूर्वेचं अंतर ०.०४८१ येतं आणि उत्तरेचं ०.०४७०. सॉफ्टवेअर गाव उत्तरेच्या दुकानाला देऊन मोकळं होतं, आणि पडद्यावर कुठलीही सूचना येत नाही.

त्यामुळे दोन्ही तक्ते क्यूजीआयएसमध्ये थर म्हणून उघडल्यावर पहिलं काम `Reproject Layer`. त्यात `EPSG:32643` हा कोड निवडा. हा यूटीएम या मीटरमध्ये मोजायच्या नकाशा-पद्धतीचा ४३ उत्तर विभाग, ७२ ते ७८ रेखांशांचा. सातारा आणि सांगली दोन्ही त्यात पूर्ण बसतात. नुसतं थराच्या गुणधर्मात जाऊन कोड बदलू नका. त्यानं आकडे तेच राहतात, फक्त त्यांच्यावरचं लेबल बदलतं आणि ठिपके भलतीकडेच जातात. नीट झालं आहे का ते ओळखायचं असं: नकाशावर दोन ओळखीच्या गावांमधलं अंतर मोजपट्टीच्या साधनानं मोजा. आकडा तुमच्या अंदाजाशी जुळला पाहिजे.

पॉलिगॉन काढणं

क्यूजीआयएसमध्ये `Vector` > `Geometry Tools` > `Voronoi Polygons`. इनपुटला दुकानांचा, मीटरमध्ये आणलेला थर द्या. गावांचा नाही. नवशिक्यांकडून इथे हमखास उलटं होतं. मग प्रत्येक गावाभोवती एक बहुकोन येतो आणि दुकानं त्यात कुठेतरी पडतात. बहुकोन दुकानांइतकेच आले पाहिजेत, ही खूण लक्षात ठेवा.

खाली `Buffer region (% of extent)` असा एक रकाना असतो. तो शून्य ठेवला तर सगळ्यात बाहेरच्या दुकानांच्या रेषेवरच नकाशा कापला जातो आणि तालुक्याच्या कडेची गावं कुठल्याच बहुकोनात येत नाहीत. तिथे ५० किंवा १०० घाला. मग हवं तर `Clip` वापरून तालुक्याच्या हद्दीवर छाटून घ्या.

कडेचा आणखी एक प्रश्न आहे. शेजारच्या तालुक्यातलं दुकान हद्दीपासून एक किलोमीटरवर असेल आणि तुम्ही ते नकाशात घेतलंच नसेल, तर कडेचं गाव आपल्याच तालुक्यातल्या सात किलोमीटरवरच्या दुकानाला जोडलं जाईल. ते बरोबर की चूक हे कामावर ठरतं. कोटा तालुक्याप्रमाणे वाटायचा असेल तर ते बरोबरच आहे. लोकांना खरंच किती चालावं लागतं हे बघायचं असेल तर शेजारच्या तालुक्याची पहिली रांग नकाशात घेतलीच पाहिजे. शिधापत्रिका आता दुसऱ्या दुकानातही चालते, त्यामुळे हद्दीवरची माणसं ज्या दुकानात अंगठा लावतात ते कागदावरचंच असेल असं नाही.

बहुकोन मोजा. दुकानं बेचाळीस आणि बहुकोन एक्केचाळीस आले, तर दोन दुकानांचे ठिपके तंतोतंत एकाच जागी आहेत. मोठ्या गावात हे नेहमी होतं. दोन्ही दुकानं बाजारपेठेत असतात आणि कुणीतरी दोघांनाही ग्रामपंचायतीचाच ठिपका दिलेला असतो. अशा वेळी ठिपके खरे वेगळे असतील तर दुरुस्त करा. पण शेजारी शेजारीच असतील तर त्यांच्यामध्ये रेघ ओढण्यात काही अर्थ नाही. दोन्ही मिळून एक ठिकाण धरा आणि आतली वाटणी वाॅर्डाप्रमाणे किंवा कार्डांप्रमाणे करा.

गावांना दुकान चिकटवणं

आता `Join attributes by location`. मूळ थर गावांचा, जोडायचा थर व्होरोनॉयचा, आणि नातं `are within`. निकालात प्रत्येक गावापुढे `dukan_no` येतो. तो रकाना रिकामा असलेली गावं आधी शोधा. ती कडेला असतील तर वरचा टक्क्यांचा रकाना कमी पडला. मध्येच असतील तर ठिपका किंवा थराचा कोड चुकला आहे.

पडताळणीसाठी फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये एक ओळ पुरते. यात `dukane` हे तुमच्या दुकानांच्या थराचं नाव आहे:

```
overlay_nearest('dukane', "dukan_no")[0] = "dukan_no"
```

ही ओळ बहुकोनांना हात न लावता थेट सगळ्यात जवळचं दुकान शोधते आणि मघाच्या उत्तराशी ताडून बघते. सगळीकडे खरं आलं पाहिजे. मग कुणीही विचारेल, की एका ओळीत उत्तर मिळतंय तर बहुकोन काढायचे कशाला? माझं उत्तर असं, की रकान्यातला क्रमांक वाचून चूक दिसत नाही, रेघ बघून दिसते. त्याचा दाखला पुढच्याच उदाहरणात आहे.

कोयनेच्या काठावर

बामणोली आणि तापोळ्याच्या बाजूला कोयनेचा शिवसागर जलाशय दरीतून दूरवर आत गेला आहे. दोन्ही काठांवर गावं आहेत आणि पलीकडे जायला लाँच. तिथल्यासारखाच एक लहान तुकडा घेऊ. गावांची नावं घेत नाही आणि आकडे हिशेबाला सोपे केले आहेत. किलोमीटरमध्ये मोजू. पहिला आकडा पूर्वेकडे, दुसरा उत्तरेकडे. जलाशय उत्तर-दक्षिण जातो, पाचव्या ते सहाव्या किलोमीटरच्या मध्ये.

पूर्व काठावर दोन दुकानं: पहिलं (८, ६) वर, दुसरं (७, ०) वर. पश्चिम काठावर एक, तिसरं, (३, १०) वर. आता पश्चिम काठावरचं एक गाव घ्या, (४.५, ५) वर. पहिल्या दुकानापासून त्याचं अंतर: पूर्वेकडे ३.५, उत्तरेकडे १, म्हणजे सरळ रेषेत ३.६४ किलोमीटर. तिसऱ्यापासून १.५ आणि ५, म्हणजे ५.२२. दुसऱ्यापासून ५.५९. व्होरोनॉय हे गाव बिनदिक्कत पहिल्या दुकानाला देतं. मध्ये एक किलोमीटर पाणी आहे.

असा नकाशा मी एकदा छापून बैठकीत टेबलावर पसरला होता. रंग नीट, क्रमांक नीट, बेरजा नीट. एका गावचे कोतवाल काका वाकून बघत राहिले आणि बोट ठेवून म्हणाले, “ताई, ही रेघ पाण्यातनं पलीकडं गेलीय की! आमची मानसं पावसाळ्यात पोतं घिऊन कशी जायाची तिकडं?” मला त्या क्षणी पोत्याचं वजन आठवलं. अन्न सुरक्षा कायद्यानं अंत्योदय कार्डाला महिन्याला ३५ किलो धान्य मिळतं, आणि प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, म्हणजे पाच माणसांच्या घराला २५ किलो. हे ओझं लाँचमध्ये चढवायचं, उतरवायचं आणि पुढे चढावर वाहायचं. माझ्या तक्त्यात तिथे ३.६४ एवढंच लिहिलेलं होतं.

यावर नवशिक्यालाही जमेल असा उपाय म्हणजे काठ वेगळे करणं. जलाशयाच्या मधोमध जाणारी रेघ धरून दोन मोठे बहुकोन हातानं काढा, एक पूर्व काठाचा आणि एक पश्चिम काठाचा. त्यांना `kath` नावाच्या रकान्यात `E` आणि `W` द्या. मघाच्याच `Join attributes by location` नं हा रकाना दुकानांना आणि गावांना लावून घ्या. मग दुकानांच्या थरावर गाळणी लावा:

```
"kath" = 'W'
```

या उरलेल्या दुकानांवर व्होरोनॉय चालवा आणि निकाल पश्चिम काठाच्या बहुकोनावर `Clip` करा. तसंच `E` साठी. शेवटी दोन्ही `Merge Vector Layers` नं एकत्र करा आणि गावं नव्यानं जोडा. आपल्या उदाहरणातलं गाव आता तिसऱ्या दुकानाकडे जातं, ५.२२ किलोमीटरवर. लांब पडतं, पण पायाखाली जमीन आहे.

दोन अडचणी येतील. एका काठावर तीनपेक्षा कमी दुकानं असली तर व्होरोनॉयचं साधन चूक दाखवून थांबतं. एकच दुकान असेल तर आख्खा काठ त्याचा, काढण्यासारखं काही नाही. दोन असतील तर पुढे दिलेला अंतरांचा तक्ता वापरा. दुसरी अडचण अशी, की काठाकाठानं एका रांगेत असलेल्या दुकानांचे पट्टे अरुंद येतात आणि डोंगराकडची गावं बाहेर राहतात. तेव्हा टक्क्यांचा आकडा सरळ ३०० करून बघा.

आणि हे करूनही गावाला विचाराच. लाँच नियमित असेल, पलीकडच्या बाजारात दर आठवड्याला जाणं असेल, तर लोक आपणहून पूर्वेचं दुकान मागतील. पश्चिम काठाची वाट डोंगराला वळसा घालून आठ-दहा किलोमीटरची असू शकते. तो निर्णय गावाचा आहे. नकाशानं फक्त प्रश्न नेमका मांडायचा असतो.

हीच रीत कृष्णा आणि वारणेला लागू पडते, फक्त तिथे पूल आहेत. नदीच्या दोन्ही काठांना पूल जोडत असेल तर त्या पुलाजवळच्या गावांपुरते काठ वेगळे करू नका. आणि पूल पुरात पाण्याखाली जाणारा असेल तर करा. सांगलीकरांना २०१९ नंतर याचं कारण सांगावं लागत नाही. रस्त्यांचा नकाशा घेऊन रस्त्याच्या अंतरानं सगळं करता येतं, आणि ते जास्त बरोबरही असतं. पण डोंगरी भागात रस्त्यांच्या थरात पायवाटा अर्ध्याच असतात, एखादा तुकडा तुटलेला असला की गाव भलत्याच दुकानाला जातं आणि ते ओळखायला सरावलेली नजर लागते. पहिल्या वेळी काठ वेगळे करून थांबा.

कुंपणावरची गावं

आता त्याच उदाहरणातलं दुसरं गाव, पूर्व काठावर (७.६, ३.१) वर. पहिल्या दुकानापासून ते २.९३ किलोमीटर, दुसऱ्यापासून ३.१६. व्होरोनॉय पहिलं देतं आणि तक्त्यात ते बाकीच्या गावांइतकंच ठाम दिसतं. पण दोन्ही दुकानांचा लंबदुभाजक काढून बघितला तर हे गाव त्या रेघेपासून जेमतेम ११५ मीटरवर आहे. गावठाणच दोन-तीनशे मीटर पसरलेलं असतं. मी ठिपका देवळावर ठेवला तर पहिलं दुकान, खालच्या आळीत शाळेवर ठेवला तर दुसरं. म्हणजे निकाल अंतरानं लागलेला नाही, माझ्या माऊसनं लागला आहे.

अशी गावं वेगळी काढायला `Distance Matrix` वापरा. इनपुट गावांचा थर, टार्गेट दुकानांचा, प्रकार `Linear (N*k x 3)`, आणि जवळच्या बिंदूंची संख्या २. प्रत्येक गावाच्या दोन ओळी येतात: सगळ्यात जवळचं दुकान आणि त्याच्या खालोखालचं, मीटरमध्ये. दोन्ही अंतरांची वजाबाकी करून एक रकाना करा.

किती फरकाखाली गाव संशयित धरायचं, याला साधा हिशेब आहे. गावाचा ठिपका २५० मीटरनं चुकू शकतो असं धरलं, तर एका दुकानाचं अंतर जास्तीत जास्त २५० नं वाढेल आणि दुसऱ्याचं जास्तीत जास्त २५० नं घटेल. मिळून ५००. म्हणून फरक ५०० मीटरपेक्षा कमी असेल तर ते गाव कुंपणावरचं. आपल्या गावाचा फरक २३० मीटर आहे, ते यात बसतं. दुकानाचा ठिपका दारात उभं राहून घेतला असेल तर एवढं पुरे. तोही अंदाजानं ठेवला असेल तर मर्यादा वाढवा.

काठ वेगळे केले असतील तर हा तक्ताही प्रत्येक काठाचा वेगळा काढा. नाहीतर दुसरं जवळचं दुकान म्हणून पाण्यापलीकडचंच येत राहील.

कुंपणावरच्या गावांना मी नकाशावर रंगच देत नाही, पांढरी ठेवते. त्यांचा निकाल गावकरी, तलाठी आणि दुकानदार मिळून लावतात: एसटी कुठे थांबते, बाजार कुठला, चढ कुणीकडे आहे. कार्डांची संख्याही इथेच बघा. रेघ अंतराची असते, तिला एका दुकानाकडे नऊशे कार्डं आणि शेजारच्याकडे दीडशे झाली हे कळत नाही. भार समतोल करायचा असेल तर कुंपणावरची गावं इकडची तिकडे करून करा. तीन किलोमीटर आतलं गाव कागदी समतोलासाठी उचलून लांबच्या दुकानाला देऊ नका.

शाळांसाठी काय बदलतं

रीत तीच, पण प्रश्न वेगळा. शिक्षण हक्काच्या महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी शाळा १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटरच्या आत हवी. व्होरोनॉय सांगतं, सगळ्यात जवळची शाळा कुठली. ती पुरेशी जवळ आहे का, हे सांगत नाही. मोठ्या बहुकोनाच्या टोकाची वस्ती शाळेपासून चार किलोमीटरवर असली तरी नकाशात ती त्या शाळेच्याच रंगात गुडूप होते. म्हणून शाळांच्या कामात अंतराचा रकाना आधी बघायचा आणि रंग नंतर. सरळ रेषेत १ किलोमीटरपेक्षा लांब असलेली वस्ती वाटेनं त्याहून लांबच असणार, ती यादीत नक्की घ्या. सरळ रेषेत ८०० मीटर असलेल्या वस्तीची वाट मात्र चालून बघावी लागते. मध्ये ओढा असेल तर ८०० चे दीड हजार व्हायला वेळ लागत नाही.

आणि दोन्ही प्रकारच्या शाळा एकाच थरात टाकू नका. पाचवीपर्यंतच्या आणि आठवीपर्यंतच्या शाळांचे व्होरोनॉय वेगवेगळे काढा. नाहीतर सहावीतली मुलगी पाचवीपर्यंतच्या शाळेच्या बहुकोनात जाते.

शेवटच्या तक्त्यात गावाचा कोड, वाडी, मिळालेलं दुकान किंवा शाळा, अंतर, दुसऱ्या क्रमांकाचं ठिकाण, त्याचं अंतर आणि फरक हे रकाने ठेवा. त्यापुढे दोन मोकळे रकाने: ‘गावाचं म्हणणं’ आणि ‘बदलाचं कारण’. नकाशा मोठ्या कागदावर छापा, जलाशय, ओढे आणि एसटीचे थांबे त्यावर दाखवा, आणि बैठकीला जाताना सोबत पेन्सिल न्या. कोतवाल काकांनी त्या दिवशी माझ्या कागदावर पेन्सिलनं ओढलेली पायवाट उपग्रह चित्रात झाडीखाली झाकली होती. ती आता माझ्या थरात आहे.